दुधाळ प्रीफॉर्म आणि एक वेडीवाकडी रेघ

पाण्याची बाटली एका दमात तयार होत नाही. आधी परीक्षानळीसारखी, जाड भिंतीची आणि तोंडाला आटे असलेली एक नळी साच्यात घडवतात. तिला प्रीफॉर्म म्हणतात. ही नळी पुन्हा साधारण शंभर अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यात हवा भरली, की ती ताणली जाऊन बाटली होते. प्रीफॉर्म काचेसारखा नितळ निघायला हवा. तो दुधाळ निघाला तर फुगताना नीट ताणला जात नाही, आणि ताणला गेलाच तरी बाटली धुरकट दिसते.

काही वर्षांपूर्वी एका लघुउद्योजकाने असे दोन प्रीफॉर्म, एक नितळ आणि एक दुधाळ, माझ्याकडे आणले. नव्या पीईटी प्लास्टिकमध्ये तो एक चतुर्थांश जुन्या बाटल्यांचा धुतलेला चुरा मिसळत असे. नितळ प्रीफॉर्म चुऱ्याच्या आधीच्या खेपेतला होता, दुधाळ नव्या खेपेतला, मशीन तेच. चुरा विकणारा म्हणत होता, ‘तुमच्या साच्याचं थंड पाणी नीट फिरत नाही.’ हा म्हणत होता, ‘चुराच खराब आहे.’ काही टनांचे पैसे अडकले होते. “सर, खरं कोण बोलतंय ते तुमचं यंत्र सांगेल का?” हा त्याचा प्रश्न. यंत्र तसे थेट सांगत नाही. ते एक रेघ काढते, आणि ती आपल्याला वाचावी लागते.

यंत्राचे नाव डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर, बोलण्यात डीएससी. पर्किन-एल्मर कंपनीतल्या वॉटसन आणि ओ’नील यांनी ते १९६२ मध्ये विकसित केले. कल्पना अगदी साधी आहे. ॲल्युमिनियमच्या दोन चिमुकल्या डब्या घ्यायच्या. एकीत पाच-दहा मिलिग्रॅम नमुना ठेवायचा, दुसरी रिकामी. नायट्रोजनच्या संथ झोतात दोन्ही सारख्याच गतीने तापवायच्या, सहसा मिनिटाला दहा अंशांनी. नमुन्याच्या डबीला रिकामीच्या मानाने किती उष्णता जास्त किंवा कमी लागली, ती नोंद म्हणजे ही रेघ. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर उष्णतेचा प्रवाह. यंत्र खरे बोलते की नाही हे इंडियम धातूवर पडताळतात, तो १५६.६ अंशांना वितळतो, आणि रेघेवर तसाच दिसला पाहिजे.

पीईटीच्या रेघेवर काय दिसते ते सांगण्याआधी थोडे फराळाच्या ताटाकडे वळतो. खडीसाखर आणि लिमलेटची गोळी, दोन्ही साखरच. खडीसाखरेत रेणू शिस्तीने रचलेले असतात, ते स्फटिक. गोळीत पाक झटकन थंड केल्यामुळे रेणूंना रांग लावायला वेळच मिळालेला नसतो. ते जसे होते तसे थिजतात. याला काचरूप म्हणायचे. पीईटीच्या लांबलचक साखळ्यांचेही असेच आहे. वितळलेले पीईटी थंड साच्यात झटपट गोठवले की नितळ आणि काचरूप राहते. रेंगाळत थंड झाले की त्यात स्फटिकांचे पुंजके वाढतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि वस्तू दुधाळ दिसते.

आता नितळ प्रीफॉर्मच्या भिंतीचा आठ मिलिग्रॅमचा तुकडा तापवू या. पंचवीस अंशांपासून रेघ सरळ चालते. ७८ अंशांच्या आसपास तिला एक पायरी येते. शिखर नव्हे, पायरी: रेघ थोडी सरकते आणि नव्या पातळीवर पुन्हा सरळ चालू लागते. हे काचसंक्रमण. इथे काही वितळलेले नसते. थिजलेल्या साखळ्यांना वळवळ करण्याची मुभा मिळालेली असते, आणि वळवळणाऱ्या पदार्थाला प्रत्येक अंशासाठी जास्त उष्णता लागते. कडक चिक्की पावसाळ्यात चिवट होते, तोही याच जातीचा बदल. ओलाव्याने तिचे काचसंक्रमण घरातल्या तापमानापर्यंत खाली उतरते.

पायरीनंतर काही काळ शांतता. मग १३० च्या पुढे रेघ उष्णता सोडण्याच्या दिशेने फुगते. मोकळ्या झालेल्या साखळ्यांना आता राहून गेलेली रांग लावता येते, आणि रांग लावताना त्या उष्णता बाहेर टाकतात. घन पदार्थ तापत असताना स्फटिक होतो, म्हणून याला शीत-स्फटिकीकरण असे काहीसे उलटे नाव आहे. पायरी आणि हा फुगवटा यांच्यामधली जागा म्हणजे बाटली फुगवण्याची खिडकी. प्रीफॉर्म शंभर अंशांना का तापवतात ते रेघच दाखवते: ७८ च्या वर साखळ्या मोकळ्या आहेत, १३० च्या खाली त्यांनी अजून रांग धरलेली नाही.

शेवटी २५० अंशांजवळ उलट्या दिशेने मोठी दरी येते. स्फटिक वितळतात आणि उष्णता शोषतात.

इथे एक सावधगिरी. काही यंत्रे उष्णता सोडण्याची दिशा वर दाखवतात, काही खाली. त्यामुळे आलेखाच्या कोपऱ्यातला बाण पाहिल्याशिवाय शिखराला वितळण म्हणू नये. दुसरी सावधगिरी पायरीची. नमुना गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिला असेल, तर काचसंक्रमणाच्या पायरीच्या टोकाला उष्णता शोषणारे एक छोटे टेकाड दिसते. त्याला वितळण समजण्याचा मोह होतो. पण ते म्हाताऱ्या झालेल्या काचेचे लक्षण आहे, आणि एकदा तापवून थंड केले की नाहीसे होते.

आता मोजणी. वितळण्याच्या दरीचे क्षेत्रफळ म्हणजे वितळायला लागलेली उष्णता. आमच्या नितळ तुकड्यासाठी ती ग्रॅमला ३७ ज्यूल भरली. पूर्ण स्फटिकरूप पीईटीला सुमारे १४० ज्यूल लागतात असे मानतात. ३७ ला १४० ने भागले की २६ टक्के येतात, आणि काचेसारख्या नितळ प्रीफॉर्ममध्ये एक चतुर्थांश स्फटिक असल्याचा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण वितळलेले बहुतेक स्फटिक प्रीफॉर्ममध्ये नव्हतेच. ते आपण तापवत असताना, डबीत, जन्माला आले. त्या जन्माची उष्णता फुगवट्यात नोंदलेली आहे: ३१ ज्यूल. ३७ मधून ३१ वजा केले की ६, म्हणजे जेमतेम चार टक्के. ही वजाबाकीही काटेकोर नाही, कारण १४० अंशांना बनलेल्या आणि २५० ला वितळणाऱ्या स्फटिकांची उष्णता तंतोतंत सारखी नसते. तुलनेसाठी मात्र ती चालते.

दुधाळ प्रीफॉर्मला हीच मोजणी लावली. वितळण ३९, शीत-स्फटिकीकरण २४. फरक १५, म्हणजे जवळपास अकरा टक्के. फुगवटाही दहा-बारा अंश आधी आला होता. उद्योजकाचा चेहरा पडला. साच्यात रेंगाळत थंड झाले असते तर स्फटिक वाढलेच असते. म्हणजे चुरेवाल्याचे म्हणणे खरे ठरत होते.

पण पहिल्या तापवणीवर निकाल देता येत नाही. त्या रेघेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पदार्थ मुळात कसा आहे, आणि त्याला आजवर कसे वागवले गेले. त्या सुट्या करण्याचा मार्ग म्हणजे नमुना २८० अंशांना पूर्ण वितळवून काही मिनिटे तसाच ठेवायचा. साच्याची, थंड पाण्याची, गोदामाची सगळी आठवण पुसली जाते. मग दोन्ही नमुने एकाच गतीने थंड करायचे आणि पुन्हा तापवायचे. फरक फक्त वागणुकीचा असेल, तर दोन्ही रेघा आता एकमेकींवर बसायला हव्यात.

त्या बसल्या नाहीत. मिनिटाला दहा अंशांनी थंड होताना नितळ नमुन्याने १७४ अंशांजवळ एक पसरट, आळसावलेला फुगवटा दिला. दुधाळ नमुना १९२ लाच, अणकुचीदार शिखर देत स्फटिक झाला. हा माल मुळातच रांग लावायला उतावीळ होता. पहिल्या खेपेला पुरलेले थंड पाणी त्याला पुरणे कठीण.

आणखी एक गोष्ट दिसली. थंड होण्याच्या रेघेवर ११५ अंशांजवळ, जिथे पीईटीचे सगळे आटोपलेले असते, दुधाळ नमुन्याने एक बारीकसा उंचवटा दिला. दुसऱ्या तापवणीत १२८ ला तेवढीच बारीक दरी. हे पॉलिथिन. बाटलीची झाकणे बहुधा त्याचीच असतात. पहिल्या तापवणीत हे दिसले नव्हते, कारण पीईटीचा फुगवटा तिथेच सुरू होतो आणि पॉलिथिनची चिमुकली दरी त्यात बुजून जाते. मी एका झाकणाचा तुकडा वेगळा तापवला; त्याला ग्रॅममागे १९० ज्यूल लागले. प्रीफॉर्ममधली दरी ०.६ ज्यूलची होती. भागाकार केला की सुमारे ०.३ टक्के झाकण. पीईटीत पॉलिथिन मिसळत नाही, बारीक थेंबांच्या रूपात अडकून राहते, आणि इतक्या थोड्यानेही धुरकटपणा येतो.

तरी चुरेवाल्याला एक पळवाट उरत होती. पीईटी ओले असताना वितळवले तर पाणी त्याच्या साखळ्या तोडते, आणि आखूड साखळ्या लवकर रांग लावतात. उद्योजकाने चुरा नीट वाळवला नसेल, तर पदार्थ त्याच्याच मशीनमध्ये बिघडला असेल. म्हणून चुराच तपासला. आठ मिलिग्रॅम म्हणजे चुऱ्याची एकच कपची. तिच्यावरून पोत्याचा अंदाज बांधणे व्यर्थ. मूठभर चुरा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून दळला, निर्वात भट्टीत रात्रभर वाळवला आणि मग त्यातला नमुना घेतला.

पहिल्या तापवणीत शीत-स्फटिकीकरणाचा फुगवटा जवळजवळ नव्हताच, आणि ते अपेक्षितच होते. बाटली फुगवताना साखळ्या ताणल्या जाऊन आधीच रांगेत येतात. बाटलीच्या भिंतीत पाव हिस्सा स्फटिक असतो; तरी ती पारदर्शक राहते, कारण ते स्फटिक फार बारीक असतात. खरी उत्सुकता थंड होण्याच्या रेघेची होती. शिखर २०१ ला आले. पॉलिथिनची दरी २.३ ज्यूलची, म्हणजे १.२ टक्के, चौथा हिस्सा मिसळल्यावर ०.३ टक्के उरायला हवे, आणि तेवढेच उरले होते.

चुरा पोत्यात असतानाच तसा होता, एवढे रेघेवरून म्हणता येते. तो उतावीळ का झाला, साखळ्या तुटल्यामुळे की स्फटिकांना बीज पुरवणाऱ्या मातीच्या कणांमुळे, हे रेघ सांगत नाही. त्यासाठी द्रावणाची श्यानता मोजून साखळ्यांची लांबी काढावी लागते. पाणी आणखी थंड केले असते तर त्याच चुऱ्याचे प्रीफॉर्म थोडे कमी दुधाळ निघाले असते, हेही मी अहवालात लिहिले. उद्योजकाला ते वाक्य आवडले नाही.

पॉलिथिन ओळखायला डीएससी लागतेच असे नाही. बादलीभर पाण्यात चुरा टाकून ढवळला की पीईटी तळाशी जाते आणि झाकणांच्या रंगीत कपच्या तरंगतात. त्या खेपेच्या चुऱ्यात त्या डोळ्यांनी दिसत होत्या. पीव्हीसीची गोष्ट मात्र वेगळी. काही लेबले त्याची असतात. ते पीईटीइतकेच जड, त्यामुळे पीईटीबरोबर बुडते. आणि त्याची काचसंक्रमणाची पायरी ८० अंशांजवळ, म्हणजे पीईटीच्या पायरीवरच पडते. बादली त्याला वेगळे करत नाही, आणि मी काढलेल्या कुठल्याही रेघेत ते दिसले नसते.