कपाटात अडकलेले ९ लाख

तालुक्याच्या गावातलं एक तयार कपड्यांचं दुकान डोळ्यासमोर आणू. दोघा भावांचं, वडिलांनी सुरू केलेलं, जागा स्वतःची. महिन्याची विक्री ४ लाख. मालाची खरेदी वजा जाता त्यातून ८८ हजार सुटतात. खर्च मात्र १ लाख ७ हजार. नोकरांचे पगार ३२ हजार, वीज ८ हजार, गोदामाचं भाडं ५ हजार, बँकेच्या १५ लाखांच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्क्यांनी १५ हजार व्याज, किरकोळ ५ हजार आणि गल्ल्यातून घरासाठी ४२ हजार. म्हणजे दर महिन्याला १९ हजारांची तूट. आकडे समजायला सोपे केले आहेत, पण असा हिशेब मी अनेक दुकानांत पाहिला आहे.

भावांना वाटतं, गिऱ्हाईक ऑनलाइन गेलं. काही गेलंही असेल. पण कपाटं उघडली की दुसरंच दिसतं. खरेदीभावाने २४ लाखांचा माल पडून आहे आणि महिन्याला खपतो फक्त ३ लाख १२ हजारांचा. जवळजवळ ८ महिने पुरेल एवढा. तरीही आलेल्या गिऱ्हाइकाला हवं ते मिळत नाही, कारण शर्टात ३८ आणि ४४ उरलेत, मधले साइज संपलेत. नव्या मालाला पैसा नाही, कारण तो जुन्यात अडकलाय.

म्हणून पहिला महिना फक्त मोजणीचा. ज्येष्ठात, लग्नसराई ओसरल्यावर. प्रत्येक पीस कधी आला ते बिलावरून शोधायचं आणि वर्षापेक्षा जुन्यावर लाल चिठ्ठी लावायची. समजा अशा चिठ्ठ्या ९ लाखांच्या मालावर लागल्या. इथे थोरले भाऊ हमखास अडतात : ‘खरेदीच्या खाली विकायचं?’ पण या ९ लाखांवर महिन्याला ९ हजार व्याज जातंय आणि कपड्याच्या घड्या पिवळ्या पडताहेत. खरेदीभाव गेलेला आहे, आज बाजार काय देईल एवढंच पाहायचं.

आषाढ आणि श्रावणात माल काढायचा, पण सरसकट नाही. बरा माल, ४ लाखांचा, खरेदीच्या पाऊणपटीत : ३ लाख आले. साइज तुटलेला ३ लाखांचा निम्म्यात : दीड लाख. उरलेला २ लाखांचा आठवडे बाजारात बसणाऱ्यांना ठोक लॉट म्हणून ६० हजारांना. एकूण ५ लाख १० हजार. नवा माल सेलच्या टेबलावर ठेवू नये, नाहीतर गिऱ्हाईक दसऱ्यालाही सूटच मागतं. आणि कंटाळून माल फुकट वाटू नये. स्वस्तात विकलं तर खरेदीवर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट टिकतं, फुकट दिलं तर ते उलटवावं लागतं.

यातले ४ लाख बँकेत भरायचे, उरलेले त्या दोन महिन्यांची तूट आणि सर्वांत जुन्या व्यापाऱ्याच्या बिलासाठी. बँकेत भरण्यामागे व्याजाखेरीज आणखी एक कारण आहे, ते अनेकांना उशिरा कळतं. कॅश क्रेडिटमधून किती उचलता येईल ते स्टॉकवर ठरतं, साधारण पाव हिस्सा वगळून. स्टॉक १५ लाखांवर आला की उचल सव्वाअकरा लाखांपर्यंतच, आणि व्यापाऱ्यांची देणीही त्यातून वजा होतात. सेलचा पैसा नव्या खरेदीत घातला तर खातं ओढलेलं दिसेल. मॅनेजरला सेलच्या आधीच भेटून वेळापत्रक दाखवावं.

खर्चात सर्वांत अवघड कपात घरची. गल्ल्यातून लागेल तसं न काढता दोघांनी मिळून ३२ हजार, १ तारखेला, वहीत लिहून. १० हजार वाचले. गोदाम रिकामं झालं की ५, व्याजाचे ४, विजेचे २. झाले २१ हजार. जुन्या नोकराला काढायचा मोह होतो, मी तो सल्ला देणार नाही. कुठल्या घरात कुणाचं लग्न आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

म्हणजे भाद्रपदाच्या आसपास तूट संपते, २ हजार उरतात. नफा नव्हे, नुसता श्वास. पुढे खरेदीचा एकच नियम : गेल्या महिन्यात खपला त्याच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त माल भरायचा नाही, चालणारे साइज आधी. अपवाद फक्त दसरा-दिवाळीचा. तेव्हाही दोन खेपांत, पहिली खपल्यावर दुसरी. विक्री ५० हजारांनी वाढली तर महिन्याला आणखी ११ हजार सुटतात. देणी फिटायला मात्र पुढचा ज्येष्ठ उजाडेल.

दर महिन्याला एकच गोष्ट तपासायची : ९० दिवसांपेक्षा जुना माल वाढतोय का? वाढत असेल तर खरेदीची सवय सुटलेली नाही. माल ताजा, खर्च आटोक्यात, आणि तरी दिवाळीनंतर विक्री ४ लाखांच्या खालीच राहिली, तर दोष स्टॉकचा नाही. रस्त्याची वर्दळ दुसरीकडे गेली आहे. मग भावांनी संक्रांतीपर्यंत बसून अर्धी जागा भाड्याने देण्याचा हिशेब मांडावा, कॅश क्रेडिट पुन्हा १५ लाखांवर जायच्या आत.