यादीतल्या रिकाम्या जागा

आमच्या शाळेच्या ग्रुपमध्ये आम्ही पंधराजणी आहोत. तीन वर्षांपूर्वी एकीची वास्तुशांत होती, तेव्हा तिला वगळून चौदाजणींचा वेगळा ग्रुप निघाला. अर्ध्या तासात ओव्हन ठरला. सात हजारांचा, म्हणजे प्रत्येकी पाचशे. लगेच कोणीतरी 1 ते 14 आकडे टाकलेली यादी टाकली. ज्यांनी पैसे पाठवले त्यांनी नावापुढे बरोबरची खूण करून यादी पुन्हा पोस्ट करायची. पहिल्या संध्याकाळी नऊ खुणा झाल्या. चौथ्या दिवशी अकरा. मग रोज सकाळी तीच यादी वर यायची, अकरा खुणा आणि तीन रिकाम्या जागा, खाली हसरा चेहरा आणि ‘लवकर गं मैत्रिणींनो!’ आठव्या दिवशी त्या तिघींपैकी एक ग्रुपमधून बाहेर पडली, आणि वास्तुशांतीलाही आली नाही. तिच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं हे आम्हाला नंतर कळलं. खजिनदार मीच होते.

वाईट हेतू कोणाचाच नव्हता. आपल्याकडे पैशाचा हिशोब चारचौघांत मांडणं हीच प्रामाणिकपणाची खूण मानतात. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडतात, लग्नात आहेराच्या वहीत नाव आणि रक्कम लिहितात, आणि गावाकडे तर मांडवातल्या कर्ण्यावरून कोणी किती आहेर केला ते पुकारायचीही पद्धत आहे. पण त्या वहीचा उपयोग वेगळा असतो. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की किती परत करायचं, हे त्यात बघतात. मैत्रिणींच्या वर्गणीत कोणी कोणाला काही परत करायचं नसतं. तरी आम्ही सवयीने वही उघडून बसलो.

खरी चूक मात्र यादीच्याही आधीची होती. आम्ही आधी वस्तू ठरवली आणि मग तिची किंमत माणसांत वाटली. तसं केलं की पाचशे हा प्रत्येकीचा वाटा होतो, आणि न दिलेला वाटा म्हणजे थकबाकी. सातपैकी दीड हजार कमी पडले की ते कोणामुळे, हेही सगळ्यांना दिसतं. पैसे आधी जमवून त्यात बसेल ती वस्तू घेतली, तर कोणाचं काही थकतच नाही.

पुढच्या वेळी एकीच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा मी हे उलटं करून पाहिलं. ग्रुपवर फक्त एवढंच विचारलं की भेट सगळ्यांच्या नावाने द्यायची ना, आणि कार्डावर सगळ्यांची नावं लिहिते. रकमेचा विषय काढला नाही. पैशांचा निरोप मी व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवला. ही लिस्ट म्हणजे ग्रुप नव्हे. निरोप प्रत्येकीला स्वतंत्र, नेहमीच्या खासगी चॅटमध्ये मिळतो आणि उत्तर फक्त आपल्यालाच येतं. अट एकच, तिच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असायला हवा, नाहीतर निरोप पोचत नाही. मतदानाची सोय वापरायचा मोह होतो, पण तिथे कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. काही पेमेंट अ‍ॅपमध्ये खर्च वाटून घ्यायची सोय असते. तीही टाळावी, कारण तिथे कोणाचे आले आणि कोणाचे नाहीत याचा तक्ताच तयार होतो.

निरोप असा होता: ‘लग्नाच्या भेटीसाठी पैसे जमवते आहे. शंभर ते पाचशे, त्याच्यावर नको. यावेळी जमत नसेल तर काही कळवायची गरज नाही, कार्डावर नाव आहेच. दहा तारखेपर्यंत पाठव. रोख दिलेस तरी चालेल. जे जमेल त्यात बसेल ते घेऊ.’

यातली ‘पाचशेच्यावर नको’ ही ओळ मला सगळ्यात कामाची वाटते. ‘मनाला येईल ते द्या’ म्हटलं की ऐकायला मोकळं वाटतं, पण दोनशे देणारी बिचारी विचारात पडते की बाकीच्या किती देत असतील. आणि एखादी सढळ हाताची मैत्रीण दोन हजार टाकते व चारजणींना सांगते. वरची मर्यादा घातली की खालचा आकडा आपोआप सभ्य होतो. (तरी दोघींनी पाचशे एक पाठवले. त्या एका रुपयापुढे कोणाचं काही चालत नाही.)

रोखीचा पर्यायही मी उगाच ठेवला नव्हता. आमच्यातल्या दोघींच्या फोनवर पैसे पाठवायची सोयच नाही, त्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवरून पाठवतात. म्हणजे शंभर रुपयांसाठीही घरात कारण सांगावं लागतं. तारीख दहा ठेवली, कारण महिन्याच्या पंचवीस तारखेला मागितलेले पाचशे आणि पगारानंतर मागितलेले पाचशे सारखे नसतात.

दहा तारखेपर्यंत सातजणींचे पाचशे, दोघींचे तीनशे, एकीचे दोनशे आणि एकीचे शंभर आले. वरचे दोन रुपये धरून 4402. तिघींकडून काहीच आलं नाही. एकीने आधी ‘उद्या टाकते’ असं लिहिलं होतं म्हणून तिला एकदा आठवण केली. ती खरंच विसरली होती, आणि पाचशेपैकी एक तीच. जिने उत्तर दिलं नाही तिला पुन्हा विचारायचं नाही, गप्प राहणं हेच तिचं उत्तर. ‘अजून तिघींचे यायचेत’ असं ग्रुपवर लिहिणं म्हणजे नावं घेण्यासारखंच आहे, कारण त्या तिघींना आपण कोण ते माहीत असतं. ‘तुझे मी भरते’ असं खासगीत म्हणणंही मी सोडलं आहे. त्यातून शरम जात नाही, वर उपकार मात्र चढतात.

आम्ही 4200 ची पितळी समयांची जोडी घेतली आणि उरलेल्यात कार्ड व थोडे पेढे. ग्रुपवर मी जमलेली एकूण रक्कम लिहिली आणि दुकानाच्या बिलाचा फोटो टाकला.

यावर एक आक्षेप आला, आणि तो रास्त होता. नावनिशीवार यादी नसेल तर खजिनदारावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून मी एका मैत्रिणीला सगळे आकडे आणि माझ्या खात्यातल्या नोंदी दाखवल्या, तिने बेरीज तपासली आणि ‘हिशोब बरोबर’ एवढंच लिहिलं. दोघींनी पाहिलं की पुरे. मोठ्या रकमेला, म्हणजे कोणाच्या दवाखान्याच्या खर्चासाठी लाखभर जमवायचे असतील तर, ही पद्धत मी वापरणार नाही. तिथे लेखी हिशोब हवाच.

कार्डावर चौदा नावं अकारविल्हे लिहिली. पैसे आले त्या क्रमाने लिहिली असती तर शेवटची तीन नावं कोणाची, ते डोळ्यांत भरलंच असतं.

लग्नानंतर पंगतीत शेजारी बसलेल्या एकीने वाकून विचारलं, ‘कोणी दिले नाहीत गं?’ फोनमधली नोंद मी आदल्या रात्रीच पुसली होती. ‘आता लक्षात नाही,’ मी म्हटलं आणि तिच्या पानात मठ्ठा वाढायला सांगितलं.