साडेसाती आली म्हणून घाबरण्याआधी बिंदू मोजा

पोलादपूरच्या एका काकूंची पत्रिका परवा महाडला बसून मांडली. जन्म जुलै १९८३चा, मेष रास, कन्या लग्न. मार्च २०२५ला शनी मीनेत आला, म्हणजे राशीला बारावा; साडेसाती सुरू. पण मीनेत शनीला बिंदू किती, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सात ग्रह आणि लग्न, प्रत्येक जण आपल्यापासून ठरावीक स्थानी शनीला एक बिंदू देतो. काकूंचे रवी, मंगळ, बुध मिथुनेत. तिथून मीन दहावी, म्हणून तिघांचेही बिंदू मिळाले. वृश्चिकेतल्या गुरूपासून ती पाचवी, तुळेतल्या शनीपासून सहावी, आणखी दोन. चंद्र, शुक्र, लग्न यांचे नाहीत. आठपैकी पाच! चारच्या वर म्हणजे बाराव्या शनीचा त्रास मी सौम्य धरतो. खर्च, दगदग राहते, पण झेपते.

आता बारकावा. राशीचे पावणेचार अंशांचे आठ भाग, म्हणजे कक्षा. क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, लग्न. काकूंच्या पहिल्या चारही कक्षा बिंदूच्या, म्हणजे पंधरा अंशांपर्यंत बरं. पुढे शुक्राची कक्षा रिकामी, बुधाची भरलेली, शेवटच्या दोन पुन्हा रिकाम्या. जपायचं ते तिथे.

एक चूक फार होते. काही ग्रंथांत शुभाला रेखा आणि अशुभाला बिंदू म्हणतात. शनीच्या बारा राशींची बेरीज ३९ यायला हवी. ५७ आली तर तुम्ही अशुभच मोजलंत.