वीस लिटरच्या जारमागचा हिशोब

धाराशिव जिल्ह्यात पाण्याचा धंदा काढू इच्छिणारे बरेच जण पहिल्यांदा मशीन विकणाऱ्याकडे जातात. तो आरओचा कोटेशन कागद हातात ठेवतो, रोज इतके जार, महिन्याला इतका नफा असे आकडे सांगतो. पण प्लांट चालेल की बंद पडेल हे मशीन ठरवत नाही, बोअर ठरवते. म्हणून हिशोब जमिनीखालूनच सुरू करायला हवा.

आपल्या भागात काळ्या बेसॉल्ट खडकाची जमीन आहे. या खडकात पाणी सगळीकडे सारखे साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या फटींत असते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास जोमाने चालणारे बोअर एप्रिलमध्ये हवा फेकू लागते. बोअरची चाचणी पावसाळ्यानंतर घेतली तर ती फसवी ठरते. चाचणी एप्रिल-मेमध्ये घ्या. मोटार सलग आठ-नऊ तास चालवा, दर तासाला टाकीत किती पाणी आले ते लिहून ठेवा. पहिल्या तासाचा आकडा पाहून खूश होऊ नका, शेवटच्या दोन तासांचा आकडा खरा.

आता एक योजना मांडून पाहू. समजा, धाराशिव शहराच्या कडेला एक शेड आहे आणि रोज वीस लिटरचे 200 जार विकायचे आहेत. म्हणजे तयार पाणी 4,000 लिटर. जार भरण्याआधी शेवटची विसळणी शुद्ध पाण्यानेच करावी लागते. दर जारला एक लिटर धरले तर आणखी 200 लिटर. आरओ मात्र आत गेलेले सगळे पाणी शुद्ध करून देत नाही. आपल्याकडच्या जड पाण्यात निम्मे शुद्ध आणि निम्मे टाकाऊ धरणे शहाणपणाचे. म्हणजे 4,200 लिटरसाठी 8,400 लिटर उपसा. जारची पहिली धुणी आणि इतर वापर मिळून तो 9,000 च्या आसपास जातो.

हा आकडा मुद्दाम काढला आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या नियमावलीत दिवसाला 10 घनमीटरपेक्षा, म्हणजे 10,000 लिटरपेक्षा, कमी उपसा करणाऱ्या सूक्ष्म व लघुउद्योगांना ना-हरकत दाखल्यातून सूट आहे. आपले 200 जार त्या रेषेच्या आत बसतात, 250 जार बसत नाहीत. पण त्याच नियमावलीत दुसरी अट आहे. भूजलाचा अतिउपसा झालेल्या क्षेत्रात नव्या बाटलीबंद पाण्याच्या उद्योगाला, तो लघुउद्योग असला तरी, दाखला मिळत नाही. म्हणून जागा घेण्याआधी आपले गाव कोणत्या वर्गात येते आणि आपल्याला कोणता नियम लागू होतो, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर शेड बांधू नये.

निम्मे पाणी वाया जाते, तर मशीन अधिक पिळून पंचाहत्तर टक्के का काढू नये, असे कोणीही विचारेल. कारण असे की शुद्ध पाणी निघून गेले की उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात. कच्च्या पाण्याचा टीडीएस 900 असेल तर निम्म्यावर टाकाऊ पाण्याचा साधारण 1,750 होतो. पंचाहत्तर टक्क्यांवर तो 3,400 च्या वर जातो आणि चुन्याचा थर मेम्ब्रेनवर बसतो. ते ओळखता येते: तयार पाण्याची धार बारीक होते, आतला-बाहेरचा दाब यांतला फरक वाढतो आणि तयार पाण्याचा टीडीएस चढतो. हे तीन आकडे रोज वहीत लिहिणाऱ्याला मेम्ब्रेन बिघडण्याची चाहूल आधीच लागते.

हे टाकाऊ पाणी फरशी, संडास, वाळूच्या फिल्टरची उलटी धुलाई यांना चालते. शेजारच्या काळ्या रानात मात्र ते कायम सोडू नका, जमीन खारावते. छताचे पाणी बोअरजवळ मुरवणे चांगलेच, पण त्याचा आवाका लक्षात असू द्या. शंभर चौरस मीटर छत आणि 700 मिलिमीटर पाऊस धरला तर हाती लागते जेमतेम 56,000 लिटर, आपल्या सहा दिवसांच्या उपशाएवढे.

यंत्रे थोडक्यात सांगतो. कच्च्या पाण्याची टाकी, वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर, थर बसू न देणाऱ्या औषधाचा डोस, बारीक कार्ट्रिज, मग आरओ. त्यानंतर स्टीलची टाकी, यूव्ही, ओझोन आणि भरणी. तासाला 1,000 लिटर देणारा आरओ घेतला तर काम चार-साडेचार तासांत उरकते आणि वीज गेली तरी दिवस बुडत नाही. कच्च्या पाण्यात क्लोरीन असेल तर कार्बन फिल्टर तो काढतो, नाहीतर मेम्ब्रेन जळते. पण क्लोरीन गेलेल्या त्याच कार्बनमध्ये जंतूंची वस्तीही होते, म्हणून तो वेळच्या वेळी बदलावा. यूव्ही त्या क्षणी जंतू मारतो, पुढे त्याचा पहारा राहत नाही. जारमध्ये काही काळ टिकतो तो ओझोन. तोही हात सैल सोडून दिला तर पाण्यात ब्रोमेट तयार होऊ शकते, ज्याची मर्यादा फार कडक आहे.

खरी चूक बहुधा जारमध्ये असते, पाण्यात नाही. परत आलेल्या जारमध्ये कोणी रॉकेल ठेवलेले असते, कोणी तो उन्हात टाकलेला असतो. प्रत्येक रिकामा जार आधी हुंगायचा, उजेडासमोर धरून पाहायचा. वास किंवा हिरवी झाक असेल तर तो बाजूला काढायचा.

आयएस 14543 या मानकानुसार 250 मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म आणि ई. कोलाय अजिबात सापडता कामा नयेत. आपल्याकडच्या बोअरमध्ये नायट्रेटही पाहायला हवे, त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उकळून नायट्रेट जात नाही. टीडीएस मीटर पाच सेकंदांत आकडा दाखवतो, पण तो जंतू दाखवत नाही. जंतूंच्या चाचणीला दोन दिवस तरी लागतात. याचा अर्थ आज भरलेला जार आज विकला तर अहवाल येईपर्यंत पाणी पिऊन झालेले असते. म्हणून दोन दिवसांचा माल, म्हणजे 400 जार, गोदामात थांबवून ठेवायचे. ग्राहकांकडचे आणि धुण्यातले धरून 200 च्या विक्रीला आठशे-हजार जार लागतात. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

कागदपत्रांत एक मोठा बदल झाला आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्यासाठी आयएसआय खुणेची सक्ती काढली. पण लगेच नोव्हेंबरमध्ये हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नवर्गात टाकले, त्यामुळे वार्षिक तपासणी आणि बाहेरचे ऑडिट आले. अन्न परवाना फॉस्कॉस पोर्टलवर काढायचा. सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वैधमापन खात्याकडे पॅकर नोंदणी, उद्यम आणि जीएसटी. सील नसलेल्या थंड जारमध्ये सुटे पाणी विकणे सोपे वाटते, पण त्यावर ना बॅच नंबर असतो ना तारीख. कुठे कोणी आजारी पडले तर कोणते जार परत बोलवायचे हेच कळत नाही.

शेवटी गाडी. 200 जार म्हणजे चार टनांवर वजन. छोट्या टेम्पोत सुमारे 35 जार बसतात, म्हणजे सहा फेऱ्या. एवढ्या फेऱ्या शहरातच परवडतात. येडशी किंवा तुळजापूरकडे जायचे तर मोठी पिकअप आणि ठरलेली गिऱ्हाइके हवीत. एका रस्त्यावर दवाखाने आणि बँका, दुसऱ्यावर घरे, असे वार लावून फेऱ्या बांधाव्यात आणि जारवर ताडपत्री असावी. उरूस, नवरात्र, लग्नसराई, रमजानच्या इफ्तारी यांत मागणी अचानक दुप्पट होते. उन्हाळ्यातही तेच. नेमके तेव्हाच बोअर आटते आणि 10,000 लिटरची रेषाही तीच राहते. अशा दिवसांत दोन दिवसांची थांबण्याची मुदत मोडावीशी वाटते. त्यापेक्षा वलीम्याची ऑर्डर आठवडाभर आधी घ्या आणि रोज दहा-वीस जार जास्तीचे भरून बाजूला ठेवा. क्षमता नसेल तर ऑर्डर सोडून द्या.