'जास्त अनुभवी' उमेदवाराने पाठवायचा मेल

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यू लंडन नावाचं छोटं शहर आहे. १९९६ मध्ये रॉबर्ट जॉर्डन यांनी तिथल्या पोलीस भरतीसाठी बुद्धिमापन चाचणी दिली आणि ३३ गुण मिळवले. त्यांना मुलाखतीला बोलावलंच नाही, कारण शहराने २० ते २७ गुणांचे उमेदवार निवडायचं ठरवलं होतं. फार हुशार माणूस या कामाला कंटाळेल, प्रशिक्षणावर खर्च करून घेतला की लवकरच सोडून जाईल, असा त्यामागचा हिशेब. जॉर्डन कोर्टात गेले आणि हरले. २००० साली अपिलातही शहराचीच बाजू टिकली.

'तुमचा अनुभव या जागेसाठी जरा जास्तच आहे' हे वाक्य पुण्यातल्या एखाद्या मुलाखतीत ऐकू येतं, तेव्हा त्यामागे हाच हिशेब असतो. ते वाक्य ऐकलेला उमेदवार बहुतेक वेळा हसून निघून येतो आणि घरी आल्यावर त्याला उत्तर सुचतं. ते उत्तर पाठवायची एक रीत आहे: मुलाखतीनंतर एका दिवसाच्या आत पाठवलेला, पानभरापेक्षा लहान मेल.

उदाहरणादाखल एक उमेदवार डोळ्यांसमोर आणू. वय ४६. चाकणच्या एका वाहन-सुटेभाग कारखान्यात तो गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे, हाताखाली ४० माणसं, वार्षिक पगार २४ लाख. त्याने शिरवळच्या एका लहान कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज केला आहे. त्या जागेचा पगार १० ते १२ लाख, आणि वरिष्ठ त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मुलाखत चांगली झाली, पण शेवटी शंका निघालीच.

त्या एका शंकेच्या पोटात तीन प्रश्न असतात. हा किती दिवस टिकेल? इतक्या कमी पगारात खरंच राहील का? आणि आपल्याहून लहान वरिष्ठाचं ऐकेल का? मेल लिहिताना या तिन्हींना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. 'मी मनापासून काम करीन' या एका वाक्यात तिन्ही मिटवायला गेलं तर एकही मिटत नाही.

पहिल्या प्रश्नाला आश्वासन चालत नाही. 'पाच वर्षं सोडणार नाही' असं कुणीही लिहू शकतं आणि ते पाळायला कुणी बांधील नसतं. चालतो तो पुरावा, म्हणजे आधीपासून दिसत असलेली ओढ. आपला उमेदवार लिहितो: 'गेली तीन वर्षं माझा बराचसा दिवस मनुष्यबळ, बजेट आणि ग्राहकांच्या बैठकांत जातो. त्या काळात जे काम मी आपणहून मागून घेतलं, ते म्हणजे तक्रारीच्या मुळाशी जाणं. मागच्या वर्षी एका बेअरिंग हाउसिंगच्या बोअरचं माप सतत फिरत होतं. मी दोन आठवडे रोज लाइनवर उभा राहिलो. क्लॅम्पिंगच्या दाबामुळे भाग मशीनवर दबत होता आणि सोडल्यावर मूळ आकाराला येत होता. फिक्स्चर बदललं आणि तक्रार थांबली. तुमच्या जागेचं वर्णन वाचलं तेव्हा तिथे रोजचं काम हेच असल्याचं दिसलं.' वाचणाऱ्याला यातून कळतं की हा माणूस वरच्या खुर्चीपासून पळत नाहीये, एका विशिष्ट कामाकडे येतोय.

हा फरक महत्त्वाचा आहे. 'ऑफिसचं राजकारण नको', 'ताण झेपत नाही', 'आता निवांत काम हवं' ही कारणं खरी असली तरी मेलमध्ये ती कामचुकारपणाची किंवा कडवटपणाची वाटतात. घरचं कारण असेल, आईवडिलांचं आजारपण किंवा गावाजवळ राहणं, तर ते एका वाक्यात सांगावं. लपवू नये आणि लांबवूही नये.

पगाराच्या बाबतीत मोघम नम्रता घात करते. 'पगाराचं बघू' हे वाचून समोरच्याला वाटतं, हा नंतर भांडेल. उमेदवाराने आकडा लिहावा: 'जाहिरातीतला १० ते १२ लाखांचा पट्टा मला मान्य आहे. घराचं कर्ज फिटलं आहे, त्यामुळे हा निर्णय आम्ही घरी हिशेब मांडून घेतला आहे.' एवढं पुरतं.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण निर्णय बऱ्याचदा त्या भावी वरिष्ठाच्याच हातात असतो. इथे उमेदवार हमखास एक चूक करतो. 'माझ्या अनुभवातून तुमचा विभाग उभा करून देईन' असं तो लिहितो, आणि वरिष्ठाला आपली खुर्ची हलल्यासारखी वाटते. त्याऐवजी एक घडलेली गोष्ट सांगावी: एखाद्या प्रकल्पात आपल्याहून कनिष्ठ सहकाऱ्याच्या नेतृत्वाखाली काम केलं असेल तर ते, आणि त्या सहकाऱ्याची परवानगी घेऊन त्याचा संपर्क. मागच्या पदव्या आणि पुरस्कारांची यादी मेलमध्ये पुन्हा देऊ नये. शंका त्यांच्यामुळेच निर्माण झालेली असते.

मग बायोडेटामधूनच वरची पदं गाळली तर? हा मार्ग अनेकांना सुचतो आणि तो धोक्याचा आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीच्या जाहिरातीत पदवीधर अपात्र असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. एका पदवीधराने पदवी न सांगता अर्ज केला. ते उघड झालं तेव्हा बँकेने त्याला नोकरी नाकारली. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला निकाल नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि माहिती दडवणारा उमेदवार नियुक्तीवर हक्क सांगू शकत नाही, असं म्हटलं. खासगी कंपन्याही आता भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्या पडताळतात. जिथे पात्रतेला वरची मर्यादाच लिहिलेली आहे, तिथे कितीही चांगला मेल उपयोगाचा नाही. जिथे ती फक्त मुलाखत घेणाऱ्याच्या मनात आहे, तिथेच त्याचा उपयोग होतो.

मेल लिहिण्याआधी उमेदवाराने स्वतःला एक प्रश्न विचारावा: या जागेवर कधीच बढती मिळाली नाही तरी तीन वर्षं हे काम करायला आवडेल का? उत्तर अडखळलं, तर समोरच्याची शंका बरोबर आहे आणि अर्ज मागे घेतलेला बरा.

मेल लागू पडला की नाही, हे उत्तराच्या रोखावरून ओळखता येतं. रुजू होण्याची तारीख, नोटिस पीरियड किंवा वरिष्ठासोबत आणखी एक भेट यांबद्दल विचारणा आली, तर शंका मागे पडली आहे. आठवडाभर काहीच आलं नाही तर दोन ओळींची एक आठवण करावी आणि तिथेच थांबावं. तिसरा मेल गरजू माणसाचा वाटतो, आणि 'मिळेल ते घेतोय' हा समज पुन्हा डोकं वर काढतो.

कंपन्यांनीही आपली भीती तपासून पाहायला हवी. बेरीन एर्दोगान आणि टालिया बाउअर या संशोधकांनी टर्कीतल्या एका दुकानांच्या साखळीतल्या विक्रेत्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. आपली पात्रता कामापेक्षा जास्त आहे असं मानणाऱ्यांची विक्री चांगली होती. ते नाराज होऊन सोडण्याचा विचार करत हे खरं, पण जिथे त्यांना कामात स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक होती तिथे ही नाराजी बरीच कमी होती. म्हणजे माणूस टिकेल की नाही, हे थोडंफार कंपनीच्याही हातात असतं. म्हणून मुलाखत घेणाऱ्यांना एकच विनंती: ही शंका मनात ठेवून अर्ज बाजूला सारू नका. ती उमेदवाराला तोंडावर विचारा आणि उत्तर द्यायला एक दिवस द्या.