लिपी बदलली की सूर बदलतो

चॅटवर लिहिल्या जाणाऱ्या मराठी-इंग्रजी मिश्रणाची चर्चा बहुधा शब्दांपाशीच थांबते. परंतु वाक्य कोणत्या भाषेत लिहिले याइतकेच ते कोणत्या लिपीत लिहिले यावरही त्याचा सूर ठरतो. या आठवड्यात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘यू’ यांचा विचार करण्याचे ठरले होते, तथापि नेरूळच्या एका वाचकांच्या प्रश्नामुळे तो विषय पुढे ढकलणे भाग आहे. नातीला देवनागरीत ‘ठीक आहे.’ एवढेच उत्तर पाठवले, तर ‘आजोबा, रागावलात का?’ असे ती का विचारते, हा त्यांचा प्रश्न आहे.

रोमन अक्षरांत लिहिलेली मराठी, जिला येथे सोयीसाठी रोमी मराठी म्हणू, ती मुळात आळसातून नव्हे तर काटकसरीतून वाढली. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे १६० मावत, पण देवनागरीचे एक अक्षर जरी आले तरी संपूर्ण संदेशाची मर्यादा ७० वर येई, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचीही त्यात स्वतंत्र मोजणी होई. पुढे ही अडचण उरली नाही, सवय मात्र राहिली. आणि तोपर्यंत रोमी ही गप्पांची, तर देवनागरी ही सूचनाफलकाची, अशी वाटणी होऊन गेली होती. मराठीला हे नवे नाही. पत्रे व हिशेब मोडीत आणि पोथी बाळबोधीत, ही वाटणी शतकानुशतके चालली; मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे आणि रोमीतही तो पाळला जात नाही. ‘kal’ म्हणजे काल, काळ की कळ, आणि ‘kadhi’ म्हणजे कधी की कढी, हे वाचणाऱ्याने संदर्भावरूनच ओळखायचे असते.

ही वाटणी व्याकरणापर्यंत पोहोचते. सोसायटीच्या गटात ‘udya pani nahi, bharun theva’ हे सहज वाटते. तीच माहिती देवनागरीत लिहू लागताच सेक्रेटरीच्या हातून ‘सर्व सभासदांनी पाणी भरून ठेवावे’ असे विध्यर्थी, म्हणजे ‘-आवे’ प्रत्ययाचे, रूप उतरते. अदलाबदल करून पाहावी: ‘sarva sabhasadanni pani bharun thevave’ हे रोमीत कोणी नक्कल करीत असल्यासारखे दिसते, आणि ‘अरे उद्या पाणी नाय हां’ हे देवनागरीत नाटकातल्या संवादासारखे.

आता थकलेल्या मेंटेनन्सचा प्रसंग घेऊ. तरुण सेक्रेटरी एका ज्येष्ठ सभासदांना महिनाभरात तीन संदेश पाठवतो, असे नमुन्यादाखल धरू:

```
kaka, maintenance rahilay, jamla tar bhara na
आपला दोन महिन्यांचा मेंटेनन्स थकीत आहे. कृपया भरावा.
Final reminder. Please clear your dues by 30th.
```

मागणी तिन्ही वेळा एकच आहे. पहिल्यात ‘काका’ आणि ‘ना’ यांमुळे शेजार टिकतो. दुसऱ्यात काका जाऊन ‘आपला’ येते आणि बोलणारा शेजारी न राहता पदाधिकारी होतो. तिसऱ्यात नातेही नाही आणि क्रियापदाचा आदरही नाही, फक्त तारीख आहे. प्रसंग तोच ठेवून केवळ भाषा बदलून नाते बदलण्याच्या या युक्तीला जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी रूपकात्मक संकेतबदल असे नाव दिले. इंग्रजी नेहमीच दुरावा आणते असेही नाही. ‘माफ करा’ हे दारावरच्या याचकाला परतवतानाचे शब्द असल्याने मित्राशी ‘सॉरी’च जवळचे ठरते, उलट मित्राला देवनागरीत ‘आपला आभारी आहे’ असे लिहिले, तर तो टोमणाच समजला जातो.

म्हणजे राग देवनागरीत नसतो, बदलात असतो. नेहमी रोमीत लिहिणारी मैत्रीण अचानक देवनागरीत ‘ठीक आहे.’ लिहिते आणि वर पूर्णविरामही देते, तेव्हा काहीतरी बिनसलेले असते. नात आजोबांचा संदेश याच मापाने मोजते. आजोबांना मात्र चॅटसाठी दुसरी लिपीच नाही, त्यामुळे त्यांच्या देवनागरीतून सूर काढता येत नाही. तो त्यांनी एरवी लिहिलेल्या ‘ठीक आहे गं’मधला ‘गं’ गळला की नाही, यावरून काढावा लागतो. बोलून टंकन करण्याची सोय आल्यापासून तर रोमीवालेही नकळत देवनागरीत उतरतात, आणि तेथे ही खूण पुरती फसते.

सर्वनामांचा राहिलेला विषय पुढील आठवड्यात. तोपर्यंत वाचकांनी आपापल्या सोसायटीतील थकबाकीचे संदेश, नावे व खोली क्रमांक गाळून, पण लिपी मुळीच न बदलता, अवश्य पाठवावेत.