तिप्पट घट्ट द्रावण, पण दुप्पटच आकडा

पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण 1 सेंटिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये घेऊन त्यातून 525 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश सोडला, तर लिटरला सुमारे 65 मिलिग्रॅम एवढ्या संहतीला 10 टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. त्याचा अॅब्सॉर्बन्स 1. संहती दुप्पट केली की 1 टक्का प्रकाश उरतो आणि अॅब्सॉर्बन्स 2 होतो. तिप्पट केली की 0.1 टक्का, म्हणजे 3. बीअर-लँबर्ट नियमानुसार हा आलेख सरळ रेषेत जायला हवा.

साध्या उपकरणावर मात्र 0.96, 1.70 आणि 1.96 असे आकडे येऊ शकतात. दोष परमँगनेटचा नसतो. उपकरणात थोडा भटका प्रकाश असतो, म्हणजे नको त्या तरंगलांबीचा, द्रावण ज्याला अडवत नाही असा. तो 1 टक्का आहे असं धरू. पहिल्या द्रावणात 10 टक्के खऱ्या प्रकाशापुढे तो फारसा जाणवत नाही. तिसऱ्या द्रावणातून खरा प्रकाश येतो 0.1 टक्का आणि भटका त्याच्या दहापट, त्यामुळे डिटेक्टर मुख्यतः भटकाच मोजत बसतो. मग द्रावण कितीही घट्ट करा, आकडा 2 च्या आसपासच अडकतो. चांगल्या उपकरणात भटका प्रकाश फार कमी असतो, म्हणून ही मर्यादा वर सरकते, पण नाहीशी होत नाही.

हे ओळखायची माझ्या मते सर्वात खात्रीची रीत म्हणजे विरल करून पुन्हा मोजणं. तिसऱ्या द्रावणाचा 1 मिलिलिटर पिपेटने घेऊन फ्लास्कमध्ये 10 मिलिलिटर करा. त्याच उपकरणावर 0.296 येईल, दहाने गुणलं की 2.96. थेट वाचन 1.96 होतं, म्हणजे द्रावणातलं तिसरा हिस्सा परमँगनेट मोजणीतून निसटत होतं. स्टँडर्ड द्रावणांच्या आलेखाचं वरचं टोक खाली झुकलेलं दिसलं, तर तिथूनही हाच इशारा मिळतो. त्या वाकलेल्या भागातून जबरदस्तीने सरळ रेषा ओढली, तर खालचे चांगले बिंदूही बिघडतात.

प्रत्येक वाक उपकरणाचा नसतो. पोटॅशियम डायक्रोमेट साध्या पाण्यात विरल केलं की त्यातले काही आयन दुसऱ्या रूपात बदलतात, आणि दोन्ही रूपं प्रकाश वेगवेगळा शोषतात. इथे विरल करण्याची चाचणीच फसवते. अशा वेळी द्रावण तसंच ठेवून 1 मिलिमीटरचा क्युव्हेट वापरावा. त्यातही आलेख वाकलाच, तर कारण बहुधा रसायनात आहे. सरळ झाला, तर उपकरणात. डायक्रोमेटच्या बाबतीत सगळी द्रावणं सारख्याच आम्लात बनवली की हा त्रास बराच टळतो. शिवाय साधारण 0.01 मोलरच्या पुढे रेणू एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांची प्रकाश शोषण्याची क्षमताच बदलू लागते. तिथे पातळ क्युव्हेटही कामाला येत नाही.

रोजच्या कामात वाचन 0.1 ते 1 च्या दरम्यान राहील अशी संहती किंवा क्युव्हेट निवडावा, आणि अनोळखी नमुन्याचं वाचन सर्वात घट्ट स्टँडर्डच्या वर गेलं, तर आलेख पुढे न लांबवता नमुनाच विरल करावा.